शेंडेफळाची उंची आणि पहिलटकरणीचे पैसे

गेल्या महिन्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका गावातून एक बाई दोन मुलगे घेऊन नाशकात माझ्या दवाखान्यात आली. थोरला चार वर्षं दोन महिन्यांचा, धाकट्याला नुकतीच दोन वर्षं पूर्ण झालेली. दोघांपैकी कुणालाही ताप नव्हता की खोकला नव्हता. तक्रार खरं तर तिच्या सासूची होती. ‘थोरला या वयात केवढा होता, हा धाकटा मात्र आमच्या घराण्यावर गेला नाही’, असं सासू उठता-बसता म्हणायची आणि त्या वाक्याचा रोख सुनेच्या माहेराकडे असायचा. बाईनं दोन्ही मुलांची लसीकरणाची कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. त्यात अंगणवाडी सेविकेनं वेळोवेळी घेतलेली वजनं आणि उंच्या होत्या, दवाखान्यातून सुटतानाचे कागदही होते. इतकी नीट नोंद क्वचित हाती लागते, म्हणून मी ती समोर ठेवून बसले.

एकाच दिवशी समोर उभ्या असलेल्या दोन भावंडांची तुलना करून काही कळत नाही. एक चार वर्षांचा आणि एक दोन वर्षांचा, त्यांची उंची कशी ताडून बघणार? तुलना करायची ती दोघं एकाच वयाचे असतानाच्या नोंदींची. जन्मतः थोरला ४८ सेंटिमीटर होता, धाकटा ४८.६. म्हणजे धाकटा किंचित पुढेच. वजनही त्याचंच जास्त, थोरला अडीच किलो तर हा पावणेतीनच्या वर. सहा महिन्यांचे असताना थोरला ६५.२, धाकटा ६५.६, तरीही धाकटाच पुढे. वर्षाचे झाले तेव्हा थोरला ७२.६ होता आणि धाकटा ७१.६ भरला. दोन वर्षांना थोरला ८३.४, धाकटा ८१.३. जन्माला आला तेव्हा सहा मिलिमीटरनं पुढे असलेला मुलगा दोन वर्षांत दोन सेंटिमीटरनं मागे पडला, आणि पडझड सगळी सहाव्या महिन्यानंतरची.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली जी वाढीची प्रमाणकं दिली, त्यानुसार दोन वर्षांच्या मुलाची आडवी मोजलेली मधली उंची ८७.८ सेंटिमीटर. त्याखाली साधारण तीन-तीन सेंटिमीटरच्या पायऱ्या उतरत गेलं की दुसरी पायरी ८१.७ वर येते. तिच्याखाली गेलेलं मूल आपल्या सरकारी भाषेत ‘बुटकं’ ठरतं. थोरला दीड पायरी खाली होता, धाकटा दोन पायऱ्यांची रेघ ओलांडून गेला. एकाच आईबापाची मुलं, एकच घर, एकच विहीर. सासूबाईंचं घराण्याचं गणित दोघांना सारखंच लागू होतं, तेव्हा ते बाजूला ठेवायला हरकत नाही.

पण या एका जोडीवरून मी काही सिद्ध करू शकत नाही. सख्ख्या भावांत मोठेपणी चार-पाच सेंटिमीटरचा फरक अगदी सहज असतो, आणि उंच असण्याचा मान कधी थोरल्याला मिळतो, कधी धाकट्याला. शिवाय मोजण्यातच चूक होते. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून मोजायचं आणि नंतर उभं करून, हा नियम. एकाच मुलाच्या आडव्या आणि उभ्या मापात सरासरी ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. रडणाऱ्या बाळाचा गुडघा कुणी नीट दाबला नाही तर तेवढाच आणखी. वय एका महिन्यानं चुकलं तर दोन वर्षांच्या आसपास जवळजवळ एक सेंटिमीटर इकडचा तिकडे होतो. (आमच्या पिढीत निम्म्या नाशिक जिल्ह्याचा वाढदिवस १ जूनला यायचा, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकलेली असायची. आता दवाखान्यात बाळंतपणं होतात, जन्मदाखले मिळतात, त्यामुळे हा घोळ बराच कमी झाला आहे.) तेव्हा ‘नंतरची मुलं जराशी बुटकी’ असं म्हणायचं तर ते हजारो घरांच्या सरासरीवरच म्हणता येतं, आणि तसं ते म्हटलं गेलं आहे.

यातला सगळ्यात स्वच्छ पुरावा स्वीडनचा आहे. तिथे सैन्यभरतीच्या वेळी तरुणांची उंची मोजली जायची. १९५१ ते १९८३ या काळात जन्मलेल्या ६ लाख ५२ हजार पुरुषांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. नुसते सगळे पहिले आणि सगळे दुसरे यांची सरासरी काढली तेव्हा फरक दिसला नाही. मग सख्ख्या भावाशी सख्खा भाऊ अशी तुलना केली, तेव्हा दुसरा पहिल्यापेक्षा ०.४ सेंटिमीटर, तिसरा ०.७ आणि चौथा ०.८ सेंटिमीटर बुटका निघाला. जन्माच्या वेळचं वजन आणि लांबी हिशेबात घेऊनही हा फरक गेला नाही. श्रीमंत घर, गरीब घर, मोठं कुटुंब, लहान कुटुंब, सगळीकडे तो होता. मात्र पुढच्या पुढच्या पिढ्यांत तो कमी होत गेला.

आधी फरक दिसला नाही आणि नंतर दिसला, यात या विषयाची सगळी मेख आहे. एखादं मूल चौथं असायला त्या घरात निदान चार मुलं असावी लागतात, आणि चार मुलांची घरं दोन मुलांच्या घरांसारखी नसतात. आपल्याकडे ती सहसा जास्त गरीब, आई कमी शिकलेली, दवाखाना लांब, अशी असतात. म्हणून सगळी पहिली मुलं एका ढिगात आणि सगळी चौथी दुसऱ्या ढिगात टाकून तुलना केली, तर आपण जन्मक्रम मोजतोय असं वाटतं, पण खरं तर गरिबी मोजत असतो. जन्मक्रम आणि कुटुंबाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच मुलांच्या घरातला दुसरा आणि दोन मुलांच्या घरातला दुसरा यांचा क्रम एकच, पण ताटातला वाटा निराळा. घराघराच्या आत डोकावल्याशिवाय या दोन्ही गोष्टी सुट्या होत नाहीत.

भारताची गोष्ट स्वीडनपेक्षा बरीच मोठी आहे. आपली मुलं आफ्रिकेतल्या आपल्याहून गरीब देशांमधल्या मुलांपेक्षाही बुटकी का, हे कोडं बरीच वर्षं वादात आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी २०१७ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याचं एक उत्तर मांडलं. भारत आणि सहाराच्या दक्षिणेकडचे देश मिळून १ लाख ६८ हजारांहून जास्त मुलांची मापं त्यांनी पाहिली. पहिलं मूल घेतलं तर भारत मागे नाहीच. मागे पडायला सुरुवात होते ती दुसऱ्या मुलापासून, आणि तिसऱ्या-चौथ्यापर्यंत दरी वाढत जाते. त्यांच्या अंदाजाप्रमाणे भारत आणि आफ्रिका यांच्यातल्या बुटकेपणाच्या फरकापैकी निम्म्याहून जास्त भाग या एका उतारातून येतो. कारण त्यांनी सांगितलं ते असं की थोरल्या मुलाकडे, म्हणजे मुलग्याकडे, घराचा ओढा असतो. पहिली मुलगी झाली की पुढच्या मुलग्याची वाट पाहिली जाते आणि त्या वाटेत आलेल्या मुलींच्या वाट्याचं काटलं जातं. जिथे मुलग्याचा हट्ट कमी, तिथे हा उतारही कमी तीव्र.

यावर हरकती घेतल्या गेल्या आणि मला त्या वजनदार वाटतात. डीन स्पिअर्स, डायान कॉफी आणि जेरे बेहर्मन यांचा मुद्दा थोडक्यात असा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालचीच मुलं मोजली जातात. एका आईची दोन मुलं त्यात मोजली गेली, याचाच अर्थ ती पाच वर्षांच्या आत झाली. ज्यांनी अंतर ठेवलं त्यांची जोडी या तुलनेत येतच नाही. आणि ज्या घरात पुढे आणखी मुलं व्हायची आहेत, त्या घरातलं पहिलं मूल आज नुसतं ‘पहिलं’ म्हणूनच मोजलं जातं. म्हणजे नमुन्यात कोण शिरतं, हेच जन्मक्रमाशी बांधलेलं आहे. त्यात वयाची भर घाला. आपल्याकडची मुलं साधारण सहा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान प्रमाणकापासून खाली घसरतात आणि मग त्याच पायरीच्या आसपास राहतात. मी सांगितलेल्या दोन भावांच्या घरी सर्वेक्षणवाले धाकटा सहा महिन्यांचा असताना गेले असते, तर धाकटा एका पायरीच्याही आत आणि थोरला दीड पायरी खाली दिसला असता. आज गेले तर नेमकं उलट. घर तेच, मुलं तीच, निष्कर्ष मात्र फिरला.

मग सत्य किती? माझं मत असं की उतार आहे, पण निम्म्याहून जास्त दरी त्यानंच भरते हा आकडा जपून घ्यावा. मला त्या वादाच्या निकालापेक्षा एका विसंगतीत जास्त रस आहे. ती विसंगती त्या दोन कार्डांवरही आहे. आपल्याकडे दुसरं मूल जन्मतः पहिल्यापेक्षा दुबळं नसतं, उलट सरासरीनं जड असतं. जगभर असंच आहे, पण आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. कॉफी यांनी २०१५ साली दाखवलं की भारतात गरोदर राहण्याच्या वेळी ४२ टक्के बायका कमी वजनाच्या असतात, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हे प्रमाण साडेसोळा टक्के. नवी सून घरात सगळ्यांत शेवटी जेवते आणि लग्नाच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच तिला दिवस जातात. पुढच्या खेपेपर्यंत तिचं वय वाढलेलं असतं, अंगावर थोडं मांस आलेलं असतं, घरात थोडा आवाजही आलेला असतो. म्हणून धाकट्याची सुरुवात बरी होते. पहिल्या महिन्यात दगावण्याचा धोकाही पहिल्या बाळालाच जास्त असतो, हेही कॉफी आणि स्पिअर्स यांनी दाखवलं आहे.

चांगली सुरुवात मिळालेलं मूल वर्षभरात मागे का पडतं? याचं उत्तर मी आकड्यांत शोधण्याआधी घरात शोधते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरते, पोरगी आईकडे जाते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल-मालिश, शेक-शेगडी आणि निदान सव्वा महिना, जमलं तर तीन महिने, खाटेवरून पाय खाली न ठेवणं. दुसऱ्या खेपेला यातलं काय उरतं? थोरल्याची अंगणवाडी बुडते, सासऱ्यांचं पथ्य असतं, बागेचं काम तोंडावर असतं. बाळंतपण सासरीच उरकतं. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांची ऑक्टोबरची छाटणी झाली की घड औषधात बुडवण्याचं डिपिंग, विरळणी आणि पुढे काढणी अशी कामं एकामागोमाग लागतात, आणि विरळणीचं बारीक काम बायकांच्याच हातचं. पेठ, सुरगाण्याहून मजुरीला उतरणाऱ्या आदिवासी बायकांचं तर विचारूच नका. सकाळी गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात उभं राहायचं म्हणजे पाच वाजता घर सोडावं लागतं, आणि तान्हं मागे ठेवायचं ते पाच-सहा वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर.

माझ्याकडे आलेल्या बाईनं सांगितलेलं वेळापत्रक मी तसंच लिहिते. थोरल्याच्या वेळी ती पाच महिने माहेरी होती. सहाव्या महिन्यात त्याला उष्टावण झाल्यावर दिवसातून चार वेळा कुणी ना कुणी भरवायचं, आजी वाटीत वरण-भात कुस्करून, वर तूप सोडून त्याच्या मागे मागे फिरायची. धाकट्याच्या वेळी ती चाळिसाव्या दिवशी स्वयंपाकाला लागली आणि तिसऱ्या महिन्यात बागेत. त्याला सकाळी निघताना एकदा आणि संध्याकाळी आल्यावर एकदा भरवलं जायचं, मधल्या वेळात बिस्किट. अंगणवाडीतून घरपोच आहाराची पाकिटं त्याच्या नावानं यायची, पण पाकीट फुटलं की दोन्ही पोरं तुटून पडायची, आणि तीन वर्षांच्या मुलापुढे दहा महिन्यांच्या बाळाचं काय चालणार! थोरला अंगणवाडीतून सर्दी आणायचा, ती दोन दिवसांत धाकट्याला लागायची. दहाव्या आणि चौदाव्या महिन्यात त्याला जुलाब झाले, त्याचीही नोंद कार्डावर होती. थोरल्याला वर्षाच्या आत जुलाब झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मोठं कुटुंब म्हटलं की आपण ‘वाटेकरी वाढले, वाटा कमी झाला’ असं समजतो. ते खरं आहे, पण कमी पडलेली गोष्ट प्रत्येक वेळी धान्य नसते. या घरात धान्य भरपूर होतं, दोन एकर बाग होती. कमी पडला तो भरवणारा हात, आणि तोही नेमका सहा ते अठरा महिन्यांच्या काळात, जेव्हा मुलाला स्वतःला खाता येत नाही आणि नुसत्या दुधावर भागत नाही. या काळात गेलेले सेंटिमीटर पुढे थोडेफार भरून निघतात, सगळे सहसा नाहीत.

आता सरकारकडे वळू, कारण मला भांडायचं आहे ते तिथे. प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ पासून देशभर चालू आहे. गरोदर आणि स्तनदा बाईची बुडणारी मजुरी काही अंशी भरून निघावी आणि तिला विश्रांती व आहार मिळावा, हा तिचा लिहिलेला हेतू. त्यात ५,००० रुपये मिळतात ते पहिल्या अपत्यासाठी. २०२२ पासून दुसऱ्या अपत्यासाठी ६,००० रुपये मिळू लागले, पण ते अपत्य मुलगी असेल तरच. ही सुधारणा मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं म्हणून केली, आणि हेतूला मी नावं ठेवणार नाही. पण जरा विचार करा. गर्भलिंगनिदान आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि असायलाच हवा. म्हणजे दुसऱ्या खेपेला पैसे मिळणार की नाही, हे बाळ जन्मल्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून ते पैसे एकरकमी मिळतात ते जन्मानंतर. पोटात बाळ असताना त्या बाईला विरळणीच्या कामावरून घरी बसवणारा एक रुपयाही त्या रकमेत नाही. आणि मुलगा झाला तर नंतरही नाही.

म्हणजे समाजाची रीत आणि सरकारचा नियम एकाच दिशेनं चालले आहेत. माहेर पहिल्या बाळंतपणाला उभं राहतं, सरकारही पहिल्यालाच उभं राहतं. जिथे घसरण सुरू होते त्या दुसऱ्या मुलापाशी दोघंही हात काढून घेतात. कायद्याचं म्हणाल तर २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा प्रसूतिलाभ देण्याचं म्हटलं आहे. नियमित सरकारी नोकरीत असलेल्या आणि इतर कायद्यांखाली असा लाभ मिळणाऱ्या बायका त्यातून वगळल्या आहेत. पहिलं, दुसरं, मुलगा, मुलगी असा भेद त्या कलमात नाही. तो योजनेच्या नियमांनी आणला.

या अटीचं समर्थन करणारे दोन गोष्टी सांगतात. पहिली, पहिल्या खेपेला बाईला काही ठाऊक नसतं, तिला दवाखान्याची सवय लावायची तर पैसा तिथेच लावावा. यात तथ्य आहे. पहिलटकरीण सगळ्यांत अशक्त असते, तिच्या बाळालाच पहिल्या महिन्यात जास्त धोका असतो, हे मी वर लिहिलंच आहे. म्हणून पहिल्याचे पैसे काढून दुसऱ्याला द्या असं मी म्हणणार नाही. दोघांची गरज वेगळ्या वेळी आहे. पहिलटकरणीला पैसा गरोदरपणाच्या आधीपासून आणि गरोदरपणात हवा, दुसरेपणाला तो बाळाच्या सहाव्या ते अठराव्या महिन्यात जास्त उपयोगी पडेल, जेव्हा घरात भरवणारं माणूस ठेवायचं असतं. हप्त्यांच्या तारखा याप्रमाणे लावणं अवघड नाही, कारण लसीकरणाच्या तारखा तशाही ठरलेल्याच आहेत. नवव्या महिन्याची गोवराची लस आणि सोळाव्या महिन्यापासूनचे बूस्टर यांना हप्ते जोडले तर वेगळी यंत्रणाही लागणार नाही.

दुसरं समर्थन मला जास्त खटकतं. पुढच्या मुलांना पैसे दिले तर लोक मुलं वाढवतील, असं ते आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रातला एकूण जननदर १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवायला लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. त्याच सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं बुटकी निघाली, आणि आधीच्या सर्वेक्षणापासून त्यात काहीच सुधारणा नव्हती. कुटुंबं लहान झाली, उंची मात्र तिथेच अडकली. नाशिकमध्ये आज सामान्य घर दोन मुलांचं आहे. सहा हजार रुपयांसाठी कुणी तिसऱ्याचा विचार करेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुलाच्या एका वर्षाच्या दुधाचा हिशेब करून बघावा. तमिळनाडूत प्रसूतिसहाय्याची योजना पहिल्या दोन बाळंतपणांना लागू आहे, ओडिशातली २०११ ची ममता योजनाही पहिल्या दोन अपत्यांना. या राज्यांत त्यामुळे लोकसंख्येचा स्फोट झालेला नाही, तमिळनाडूचा जननदर तर आपल्या जवळपासच आहे.

आपल्याकडे मुलांची संख्या हा आईबापांना शासन करण्याचा विषय होऊन बसला आहे. तिसरं मूल असलं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. या नियमांवर वेगळं भांडण होऊ शकेल. पण तिसऱ्या मुलानं काही कुठला फॉर्म भरलेला नसतो. त्याच्या दहाव्या महिन्यातली वाटी आईबापांच्या निर्णयाची शिक्षा म्हणून अर्धी ठेवायची का, एवढाच माझा प्रश्न आहे. आदिवासी भागातली अमृत आहार योजना २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा बायकांना एक वेळचं गरम जेवण देते. त्या ताटासमोर बसलेल्या बाईला ‘हे तुझं कितवं?’ असं विचारून उठवत नाहीत. पेठमध्ये जे जमतं ते निफाडमध्ये का जमू नये?

पैशानं सगळं होणार नाही, हे मला माहीत आहे. दोन मुलांत अंतर ठेवलं तर अर्ध्या गोष्टी आपोआप सुधारतात. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाऊ देण्याआधी निदान दोन वर्षं थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या दोन भावांत जन्मापासून जन्मापर्यंत सव्वीस महिन्यांचं अंतर होतं, म्हणजे थोरला दीड वर्षाचा होण्याच्या आधीच आई पुन्हा गरोदर होती. आपल्याकडे कुटुंबनियोजन म्हणजे दोन मुलं घाईनं उरकून बाईचं ऑपरेशन, असं समीकरण झालं आहे. तांबी, अंतरा इंजेक्शन, छायाच्या गोळ्या उपकेंद्रात असतात, पण त्यांबद्दल बोलायला कुणी बसत नाही. यात पुरुष तर कुठेच नसतात.

आणि हेही स्पष्ट करते, की स्वीडनमधल्या त्या अर्ध्या सेंटिमीटरसाठी मी एकही रुपया मागणार नाही. सगळं मिळालेल्या भावंडांत जो किरकोळ फरक उरतो, तो उरू द्यावा. त्यानं कुणाचं काही अडत नाही. माझं भांडण आहे ते दीड पायरीवरून दोन पायऱ्यांखाली नेणाऱ्या घसरणीशी, कारण तिच्यामागे जुलाबांचे आणि उपाशी दुपारींचे महिने असतात, आणि त्यांचा परिणाम फक्त उंचीवर होत नाही.

त्या बाईला मी धाकट्यासाठी कुठलंही टॉनिक लिहून दिलं नाही. रोज एक अंडं, दुपारच्या वेळी भरवणारं एक ठरलेलं माणूस, घरपोच आहाराचं पाकीट थोरला अंगणवाडीत गेलेला असताना फोडायचं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायला यायचं, एवढंच सांगितलं. मातृवंदनेचं विचारलं तर थोरल्याचे पैसे मिळाले होते, धाकट्याचे नाहीत, मुलगा झाला ना. मग माहेरचं विचारलं. ती हसली. म्हणाली, ‘मॅडम, आईनं दुसऱ्या टायमालाही लाडू पाठवले होते. पण घरात थोरला होता ना. डबा त्यानंच संपवला.’